घातांक-लघूकरण आणि मोठ्या संख्यांची बाकी : ‘लीलावती’तील दानाच्या उदाहरणाच्या आधारे एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘लीलावती’ सिद्ध केली. या ग्रंथाच्या श्रेढीव्यवहारात दानाचे एक उदाहरण येते. एका दात्याने याचकांना पहिल्या दिवशी दोन वराटक, म्हणजे कवड्या, दिल्या आणि पुढे दररोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे वचन दिले. तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले, असा प्रश्न आहे. त्याचे उत्तर २१४७४८३६४६ वराटक असे येते. हे उत्तर इतर मोठ्या संख्यांसारखीच एक मोठी संख्या वाटते. परंतु युरोपात १६४० साली पियेर द फर्मा याने मांडलेल्या एका प्रमेयाच्या दृष्टीने पाहिले असता या संख्येची रचना विलक्षण बोलकी ठरते.

फर्माचे प्रमेय असे आहे. भाजक मूळ संख्या असेल आणि पायाला तिने पूर्ण भाग जात नसेल, तर पायाच्या त्या भाजकाहून एकाने कमी असलेल्या घाताला भागल्यावर बाकी १ राहते. यामुळे प्रचंड घाताची बाकी काढताना घातांकच लहान करून घेता येतो. हजारो अंकांची संख्या प्रत्यक्ष न लिहिता तिची बाकी कागद व लेखणीच्या साह्याने मिळते ती याच कारणाने.

मोठ्या घाताची बाकी हाताने काढण्याच्या रीतीची दोन अंगे आहेत. घात झटपट चढवण्याची क्रिया हे पहिले अंग होय, व ते ‘लीलावती’त स्पष्टपणे आहे. घातांक लहान करण्याचा नियम हे दुसरे अंग होय, व ते तेथे नाही. प्राचीन भारतीय ग्रंथांत अर्वाचीन प्रमेये ‘होतीच’ असे म्हणण्याचा मोह आणि तेथे काहीच नव्हते असे मानण्याची सवय या दोहोंपासून दूर राहून ही दोन अंगे वेगळी ओळखता येतात काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. लेखात २^३१ या लेखनाचा अर्थ ‘२ चा ३१ वा घात’ असा घ्यावा.

दानाचे उदाहरण आणि गुण-वर्ग क्रिया

गुणोत्तर श्रेढीची बेरीज काढण्यासाठी भास्कराचार्यांनी जी रीत दिली आहे तिचे सार पुढीलप्रमाणे आहे. पदांची संख्या, म्हणजे गच्छ, विषम असेल तर त्यातून एक वजा करून ‘गुण’ असे लिहावे. गच्छ सम असेल तर त्याचे अर्ध करून ‘वर्ग’ असे लिहावे. गच्छ संपेपर्यंत हे करीत जावे. मग शेवटच्या नोंदीपासून उलट क्रमाने, ‘गुण’ असेल तेथे गुणोत्तराने गुणावे आणि ‘वर्ग’ असेल तेथे वर्ग करावा. आलेल्या फलातून एक वजा करावा, एकोन गुणोत्तराने भागावे व आदिपदाने गुणावे.

महिन्याचे दिवस ३० आहेत. ३० सम, म्हणून वर्ग, उरले १५. १५ विषम, म्हणून गुण, उरले १४. पुढे १४ चे ७ (वर्ग), ७ चे ६ (गुण), ६ चे ३ (वर्ग), ३ चे २ (गुण), २ चा १ (वर्ग) आणि १ चे शून्य (गुण). आता उलट क्रमाने चालल्यास २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि शेवटी १०७३७४१८२४ अशा संख्या येतात. शेवटची संख्या म्हणजे २^३०. तिच्यातून एक वजा करून दोनाने गुणले की २१४७४८३६४६ वराटक मिळतात. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क या परिमाणांनुसार हे दान १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ वराटक इतके भरते.

दोनाला दोनाने पुन्हा पुन्हा गुणत गेल्यास जेथे २९ गुणाकार लागले असते तेथे या रीतीने आठ नोंदींत काम होते, आणि त्यांपैकी पहिली नोंद तर केवळ २ लिहिण्याचीच आहे. ही कल्पना भास्कराचार्यांच्याही पूर्वीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात वृत्तांची संख्या काढण्यासाठी, म्हणजे दोनाचा घात काढण्यासाठी, अर्ध करणे व एक वजा करणे यांची अशीच जोडी आढळते. भास्कराचार्यांनी तिचा उपयोग कोणत्याही गुणोत्तरासाठी केला.

महाराष्ट्रात या ग्रंथाच्या अध्ययनाची परंपरा दीर्घकाळ टिकली. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही ‘लीलावती’वरील टीका लिहिली. नियमांच्या उपपत्ती देणे हे या टीकेचे वैशिष्ट्य होय. गुण-वर्ग क्रिया अशा रीतीने पाठांतरातून व टीकांतून शतकानुशतके चालत आली.

बाकी कशासाठी काढावयाची?

हाताने केलेल्या मोठ्या गणिताचा पडताळा घेणे हे बाकी काढण्याचे एक जुने व व्यावहारिक प्रयोजन होते. नवांची बाकी काढून गुणाकार-भागाकार तपासण्याची रीत दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धांता’त आढळते, आणि नारायण पंडिताने १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त नवांऐवजी कोणताही इष्ट भाजक घेऊन पडताळा घेण्याची मुभा दिली.

नवांच्या पडताळ्यात एक उणीव आहे. दानाच्या उत्तराच्या अंकांची बेरीज ४५ येते, म्हणून नवांनी बाकी शून्य. आता नकल करताना लेखनिकाने ८ आणि ३ या शेजारच्या अंकांची अदलाबदल करून २१४७४३८६४६ असे लिहिले, तर अंकांची बेरीज तीच राहते आणि चूक लपून जाते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की संख्येत पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, हे त्याचे कारण होय.

भाजक म्हणून ३१ घेतल्यास चित्र बदलते. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत : २, १४७, ४८३, ६४६. हजाराला ३१ ने भागल्यास बाकी ८ राहते, म्हणून डावीकडून प्रत्येक वेळी मागील बाकीला ८ ने गुणून पुढचा गट मिळवावा. २ × ८ + १४७ = १६३, बाकी ८. पुढे ८ × ८ + ४८३ = ५४७, बाकी २०. शेवटी २० × ८ + ६४६ = ८०६, आणि ८०६ म्हणजे बरोबर २६ वेळा ३१; बाकी शून्य. चुकलेल्या नकलेत तिसऱ्या गटाच्या जागी ४३८ आहेत. तेथे ६४ + ४३८ = ५०२, बाकी ६; आणि ४८ + ६४६ = ६९४, बाकी १२. चूक उघडी पडते. शेजारच्या अंकांच्या अदलाबदलीने पडणारा फरक म्हणजे ९, त्या दोन अंकांतील अंतर आणि दहाचा एखादा घात यांचा गुणाकार. या तिहींपैकी कशालाही ३१ ने भाग जात नाही, म्हणून ३१ चा पडताळा अशी चूक कधीच सोडत नाही. ७ चा पडताळा मात्र दोन अंकांतील अंतर ७ असेल तेव्हा फसतो.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. उत्तराची बाकी शून्य ‘यायला हवी’ हे आधी कसे कळावे? पडताळ्याला अर्थ यावयाचा तर अपेक्षित बाकी उत्तरावर अवलंबून न राहता स्वतंत्रपणे मिळाली पाहिजे. ‘लीलावती’च्या चौकटीत ती मिळवावयाची तर गुण-वर्ग क्रिया पुन्हा एकदा बाक्या काढीत करावी लागते. फर्माचे प्रमेय तीच गोष्ट एका ओळीत सांगते. दानाची बेरीज म्हणजे २(२^३० − १), अर्थात २^३१ − २. भाजक ३१ हा मूळ आहे, पाया २ ला त्याने भाग जात नाही, आणि घातांक ३० म्हणजे ३१ उणे १. म्हणून २^३० ची बाकी १, कंसातील बाकी शून्य, आणि संपूर्ण दानाला ३१ ने पूर्ण भाग जातो.

प्रमेयाची उपपत्ती

फर्माने हे प्रमेय १८ ऑक्टोबर १६४० रोजी फ्रेनिकल द बेसी यास लिहिलेल्या पत्रात कळवले. सिद्धता फार लांबेल या भीतीने ती पाठवीत नाही, असा मजकूर त्या पत्रात आहे. लायब्निझच्या हस्तलिखितांत त्याची सिद्धता सापडते, परंतु ती त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. लिओनार्ड ऑयलरने आपली सिद्धता १७३६ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत सादर केली व ती १७४१ साली छापली गेली.

पुढे प्रचलित झालेली एक छोटी उपपत्ती ७ या भाजकावर सहज दाखवता येते. १ ते ६ या संख्यांना २ ने गुणले की २, ४, ६, ८, १०, १२ मिळतात. त्यांच्या ७ ने येणाऱ्या बाक्या अनुक्रमे २, ४, ६, १, ३, ५ आहेत. म्हणजे त्याच सहा संख्या, केवळ क्रम बदललेला. म्हणून दोन्ही यादींच्या गुणाकारांची बाकी सारखीच असली पाहिजे. पहिल्या यादीचा गुणाकार ७२० आहे, दुसऱ्या यादीचा २^६ × ७२०. ७२० ला ७ ने भाग जात नाही, म्हणून हा समाईक गुणक दोन्हीकडून काढून टाकता येतो आणि २^६ ची बाकी १ उरते. प्रत्यक्षातही ६४ = ९ × ७ + १.

या उपपत्तीत मूळ संख्येची गरज दोन ठिकाणी लागली. बाक्यांमध्ये शून्य किंवा पुनरुक्ती येऊ नये यासाठी, आणि समाईक गुणक काढून टाकता यावा यासाठी. भाजक संयुक्त असेल तर या दोन्ही ठिकाणी युक्तिवाद अडतो. उदाहरणार्थ, ९ साठी प्रमेय आंधळेपणाने लावल्यास २^८ ची बाकी १ यायला हवी. प्रत्यक्षात २५६ ला ९ ने भागल्यावर बाकी ४ राहते. संयुक्त भाजकासाठी किती घातांक वगळता येतो याचे उत्तर ऑयलरने १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिले. भाजकाहून लहान आणि त्याच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या संख्या मोजाव्यात; ९ साठी त्या १, २, ४, ५, ७, ८ अशा सहा आहेत, आणि २^६ = ६४ ची ९ ने बाकी खरोखरच १ आहे.

दानाचा काळ वाढवल्यास : एक संपूर्ण गणित

दात्याचे वचन एका महिन्याऐवजी शंभर वर्षे चालले असे मानू. महिना ३० दिवसांचा धरल्यास एकूण दिवस ३६००० होतात आणि दान २(२^३६००० − १) वराटक इतके होते. ही संख्या १०८३८ अंकांची आहे. ती लिहून काढणे हेच एक मोठे काम ठरेल. तरीही तिला ४७ ने भागल्यास बाकी किती, हे पाव पानात काढता येते.

भाजक ४७ मूळ आहे, म्हणून २^४६ ची बाकी १. ३६००० ला ४६ ने भागल्यास भागाकार ७८२ आणि बाकी २८ राहते, कारण ४६ × ७८२ = ३५९७२. म्हणजे २^३६००० हा २^४६ चा ७८२ वा घात गुणिले २^२८ असा आहे. पहिल्या भागाची बाकी १ असल्याने केवळ २^२८ चा विचार करावयाचा राहतो. घातांक-लघूकरण ते हेच.

आता ‘लीलावती’ची क्रिया लावावी. २८ चे १४ (वर्ग), १४ चे ७ (वर्ग), ७ चे ६ (गुण), ६ चे ३ (वर्ग), ३ चे २ (गुण), २ चा १ (वर्ग), १ चे शून्य (गुण). उलट क्रमाने चालताना प्रत्येक पायरीवर ४७ ने बाकी घेत जावे. प्रथम २, मग ४, मग ८. वर्ग ६४, बाकी १७. दोनाने गुणून ३४. वर्ग ११५६, त्यातून ११२८ वजा, बाकी २८. पुन्हा वर्ग ७८४, त्यातून ७५२ वजा, बाकी ३२. म्हणून २^३६००० ची बाकी ३२, एक वजा करून ३१, दोनाने गुणून ६२, आणि ६२ ची बाकी १५. शंभर वर्षांच्या दानाला ४७ ने भागल्यास १५ वराटक उरतील.

या गणितात दोन्ही अंगांचा वाटा वेगळा दाखवता येतो. घातांक लहान न करता ३६००० वरच गुण-वर्ग क्रिया चालवली असती, तर वीस नोंदी लागल्या असत्या. लघूकरणामुळे सात पुरल्या. म्हणजे गुण-वर्ग क्रिया एकटीच, बाक्या घेत गेल्यास, हे गणित हाताच्या आवाक्यात आणते. लघूकरणाचा लाभ घातांक वाढेल तसा वाढतो. घातांक स्वतःच शंभर अंकांचा असेल तर केवळ गुण-वर्ग क्रियेला तीनशेहून अधिक नोंदी लागतात. लघूकरण केल्यास त्या शंभर अंकी घातांकाला एकदा ४६ ने भागले की काम पुन्हा पाच-दहा नोंदींवर येते.

येथे सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे घातांकाला ४६ ऐवजी भाजकानेच, म्हणजे ४७ ने, भागणे. तसे केल्यास ३६००० ची बाकी ४५ येते आणि अंतिम उत्तर १५ ऐवजी ४६ मिळते. दोन्ही उत्तरे ४७ हून लहान असल्याने चूक दिसण्यासारखी नसते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे. या चुकीच्या रीतीनुसार २^४७ ची बाकी २ च्या शून्याव्या घाताइतकी, म्हणजे १, यायला हवी. प्रत्यक्षात २^४६ ची बाकी १ असल्याने २^४७ ची बाकी २ येते. पाया आणि घात यांच्या बाक्या वेगवेगळ्या संख्यांनी घ्यावयाच्या असतात, ही गोष्ट या एका तपासणीतून स्पष्ट होते.

दुसरी चूक श्रेढीच्या सूत्रातील भागाकारात होते. गुणोत्तर २ असताना एकोन गुणोत्तर १ येते व अडचण उद्भवत नाही. परंतु गुणोत्तर ८ आणि भाजक ७ असेल तर वरच्या संख्येची बाकी शून्य, खालच्याचीही शून्य, आणि शून्याला शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी सूत्र बाजूला ठेवून श्रेढीकडेच पाहावे. ८ च्या प्रत्येक घाताची ७ ने बाकी १ असल्याने सर्व पदांची बाकी आदिपदाइतकीच राहते, आणि बेरजेची बाकी म्हणजे आदिपद गुणिले गच्छ यांची बाकी होय.

याच उदाहरणातून दिसणारी मर्यादा

फर्माचे प्रमेय ४६ हा घातांक ‘पुरेसा’ आहे असे सांगते. तो सर्वांत लहान आहे असे सांगत नाही. ४७ च्या बाबतीत खरोखरच त्याहून लहान घातांक आहे. २^२३ = ८३८८६०८, आणि ४७ × १७८४८१ = ८३८८६०७; म्हणजे २^२३ ची बाकीही १ आहे. हे माहीत असते तर वरील गणितात २८ मधून २३ वगळून ५ उरले असते आणि २^५ = ३२ एका दृष्टिक्षेपात मिळाले असते. उत्तर तेच येते हा त्या गणिताचा स्वतंत्र पडताळाही होय.

बाकी १ देणारा सर्वांत लहान घातांक भाजकाहून एकाने लहान असलेल्या संख्येला नेहमी पूर्ण भाग देतो. फर्माने या निरीक्षणाचा उपयोग १६४० मध्येच २^३७ − १ या बारा अंकी संख्येचे विभाजक शोधण्यासाठी केला. ३७ मूळ असल्याने २^३७ − १ ला भाग देणाऱ्या मूळ संख्येसाठी सर्वांत लहान घातांक ३७ च असणार, म्हणून ती संख्या ३७ च्या पटीहून एकाने मोठी असणार. आणि ती विषम असल्याने ७४ च्या पटीहून एकाने मोठी असणार. ७५ मूळ नाही, १४९ मूळ आहे, पुढे २२३ मूळ आहे. १४९ ने भाग जात नाही. २२३ साठी गुण-वर्ग क्रिया ३७ वर चालवावी : २, ४, १६, १६ चा वर्ग २५६, बाकी ३३, गुण ६६, वर्ग ४३५६, बाकी ११९, वर्ग १४१६१, बाकी ११२, गुण २२४, बाकी १. म्हणून २^३७ − १ ला २२३ ने पूर्ण भाग जातो. बारा अंकी भागाकाराऐवजी पाच वर्ग आणि दोन दुपटी पुरतात. फर्माने हिशेब याच पायऱ्यांनी केला असे म्हणता येत नाही. परंतु त्याचा नियम आणि ‘लीलावती’ची क्रिया एकत्र आल्यास गणित किती आटोपते हे यावरून दिसते.

पुन्हा दानाच्या उत्तराकडे वळल्यास त्याची रचना आता उलगडते. २१४७४८३६४६ चे मूळ विभाजक २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ असे आहेत. त्यांपैकी ३ दोनदा येतो. ३, ७, ११ आणि ३१ यांतून एक वजा केल्यास २, ६, १०, ३० मिळतात आणि या सर्वांनी ३० ला भाग जातो. म्हणून महिन्याच्या तीस दिवसांमुळेच हे चार विभाजक अपरिहार्य ठरतात. ३ दोनदा येण्याचे कारण ऑयलरच्या विस्तारात आहे, कारण ९ साठीचा घातांक ६ असून ६ नेही ३० ला भाग जातो. १५१ आणि ३३१ यांचा उलगडा मात्र फर्माच्या प्रमेयाने होत नाही, कारण १५० व ३३० यांनी ३० ला भाग जात नाही. तेथे बाकी १ देणारे सर्वांत लहान घातांक अनुक्रमे १५ व ३० आहेत, आणि ते प्रत्यक्ष गणिताशिवाय कळत नाहीत.

याच विभाजकांत आणखी एक धोक्याची सूचना आहे. ११ आणि ३१ या दोहोंसाठी २^१० ची बाकी १ असल्याने त्यांच्या गुणाकारासाठी, म्हणजे ३४१ साठीही, ती १ येते. म्हणून २^३४० ची ३४१ ने बाकीही १ येते. ३४१ मूळ नसताना तो फर्माची कसोटी उत्तीर्ण होतो. फ्रान्समधील सारू याने हे १८१९ मध्ये दाखवले. त्यामुळे ‘बाकी १ आली, म्हणून भाजक मूळ’ असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. लघूकरण करण्यापूर्वी भाजक मूळ असल्याची खात्री स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते.

दानाच्या उत्तरात एक मिळवल्यास २१४७४८३६४७, म्हणजे २^३१ − १, ही संख्या येते. ऑयलरने ती मूळ असल्याचे १७७२ मध्ये प्रसिद्ध केले. तिचे वर्गमूळ ४६३४० च्या पुढे किंचित आहे आणि त्याखाली सुमारे ४८०० मूळ संख्या आहेत. फर्माच्या युक्तिवादाने विभाजक ६२ च्या पटीहून एकाने मोठा असला पाहिजे. वर्गशेषांच्या नियमाची जोड दिली की तो २४८ च्या पटीहून १ ने किंवा ६३ ने मोठा असला पाहिजे. अशा संख्या त्या मर्यादेत ३७३ च आहेत, आणि त्यांतील केवळ मूळ संख्याच तपासाव्या लागतात. हाताने करता येण्याजोगे काम आणि न करता येण्याजोगे काम यांतील अंतर येथे घातांकाच्या नियमाने तोडले.

निष्कर्ष

दोन अंगांचा भेद आता ठरवता येतो. ‘लीलावती’तील गुण-वर्ग क्रिया ही घात चढवण्याची पूर्ण व सर्वसाधारण रीत आहे, प्रत्येक पायरीवर बाकी घेतली की तीच मोठ्या घाताची बाकी काढण्याची रीत बनते, आणि त्यासाठी भाजक मूळ असण्याचीही अट नाही. बाक्यांवरून पडताळा घेण्याची कल्पनाही भारतीय ग्रंथांत होती. परंतु ठराविक घातांकानंतर बाक्या पुन्हा फिरून येतात आणि मूळ भाजकासाठी तो घातांक आधीच सांगता येतो, हे विधान भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. कुट्टकात बाक्यांचा सखोल विचार असला तरी तो पहिल्या घातातील समीकरणांपुरता आहे. घातांच्या बाक्यांचा नाही.

दानाच्या उत्तराला ३१ ने भाग जातो या वस्तुस्थितीवरून भास्कराचार्यांना फर्माचे प्रमेय ज्ञात होते असे अनुमान काढणे म्हणूनच चुकीचे ठरेल. तो विभाजक महिन्याच्या तीस दिवसांनी आणला आहे. याउलट, फर्माच्या प्रमेयाने ही सारी गणिते सोपी केली असे म्हणून गुण-वर्ग क्रियेचे श्रेय पुसून टाकणेही तितकेच चुकीचे होय. कारण २८ या लहान झालेल्या घातांकापासून १५ या बाकीपर्यंतची वाट आजही त्याच सात नोंदींनी चालावी लागते.